अ‍ॅम्ब्युलन्सचे पैसे: मर्यादा किती, पावती कशी हवी?

वाचकाचं पत्र: वडिलांना (वय ६६) गेल्या महिन्यात रात्री छातीत कळा सुरू झाल्या. गावातल्या एका खाजगी गाडीवाल्याने अ‍ॅम्ब्युलन्समधून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. त्याचे १,८०० रुपये झाले, पावती म्हणून कागदाच्या तुकड्यावर रक्कम आणि सही आहे. तिथे चार तास ठेवून पुण्याला न्यायला सांगितलं. कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्सचे ९,५०० रुपये मी ड्रायव्हरच्या नंबरवर यूपीआयने दिले. पुण्यात अँजिओप्लास्टी कॅशलेस झाली, डिस्चार्ज मिळून बारा दिवस झाले. वडिलांची आरोग्य संजीवनी पॉलिसी आहे, शिवाय माझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत त्यांचं नाव आहे. हॉस्पिटल म्हणतं, अ‍ॅम्ब्युलन्सचं आमच्याकडे काही नाही, तुमचं तुम्ही बघा. ११,३०० पैकी किती परत मिळतील आणि कोणते कागद लागतील?

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर:

तुमच्याकडे अजून वेळ आहे, पण फार नाही. आरोग्य संजीवनीत हॉस्पिटलच्या खर्चाचा परतावा मागायचा असेल तर डिस्चार्जच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत कागद द्यावे लागतात. म्हणजे तुमच्या हातात अठरा दिवस उरलेत. मुख्य क्लेम कॅशलेस झाला म्हणून ही मुदत थांबत नाही. अ‍ॅम्ब्युलन्सचे पैसे तुम्ही बाहेर दिलेत आणि ते हॉस्पिटलच्या बिलात नाहीत, त्यामुळे त्यांचा परताव्याचा क्लेम तुम्हालाच वेगळा टाकायचा आहे. हॉस्पिटलचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. मात्र त्यांच्याकडचे दोन-तीन कागद तुम्हाला लागणार आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच.

आधी मर्यादेचं बघू, कारण त्यावरच कोणत्या पावतीसाठी धावपळ करायची हे ठरतं.

आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांनी सारख्याच अटींवर विकायची पॉलिसी आहे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ती १ एप्रिल २०२० पासून सुरू करायला लावली. त्यामुळे तुमची कंपनी कोणतीही असली तरी कलम तेच: रस्त्यावरून नेणाऱ्या अ‍ॅम्ब्युलन्सचा खर्च, एका हॉस्पिटलायझेशनला जास्तीत जास्त २,००० रुपये. ही मर्यादा गाडीच्या फेरीला नसून भरतीला आहे, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. दोन गाड्या झाल्या म्हणून चार हजार मिळतील असं घरात धरलेलं असतं. पॉलिसीच्या व्याख्येत हॉस्पिटलायझेशन म्हणजे सलग किमान चोवीस तास आंतररुग्ण म्हणून राहणं. तालुक्याच्या दवाखान्यातले चार तास त्यात बसत नाहीत, म्हणून तुमच्या वडिलांची भरती एकच, पुण्याची. तिच्यावर मर्यादाही एकच, २,००० ची.

याची दुसरी बाजू लोकांच्या फायद्याची आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. वडिलांना दुसऱ्या स्टेंटसाठी महिन्याभराने पुन्हा दाखल करावं लागलं, तर ती नवी भरती. तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स लागली तर २,००० ची मर्यादा पुन्हा नव्याने मिळते. वार्षिक मर्यादा असलेल्या पॉलिसीत असं होत नाही. म्हणून रकमेच्या पुढे ‘प्रत्येक भरतीला’ लिहिलंय की ‘पॉलिसी वर्षाला’, हे पॉलिसीच्या शेड्युलमध्ये किंवा सोबत मिळणाऱ्या ग्राहक माहिती पत्रकात नीट वाचा. कुटुंबाची एकत्र पॉलिसी असेल आणि मर्यादा वर्षाची असेल, तर ती घरातल्या सगळ्यांत मिळून असते का, हेही तिथेच कळतं.

आता को-पे. आरोग्य संजीवनीत प्रत्येक क्लेमच्या मंजूर रकमेतले पाच टक्के विमाधारकाने सोसायचे असतात आणि अ‍ॅम्ब्युलन्स त्यातून सुटत नाही. म्हणजे २,००० मधून १०० जातील आणि खात्यात १,९०० येतील. शंभर रुपये का कापले म्हणून भांडत बसू नका, ती कपात बरोबर आहे.

राहिले ९,४००. इथे ग्रुप पॉलिसी उपयोगी पडते. एकाच माणसाच्या दोन पॉलिसी असतील तर पहिल्या पॉलिसीत मर्यादेमुळे नाकारली गेलेली रक्कम दुसरीत मागण्याचा हक्क असतो. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत अ‍ॅम्ब्युलन्सला किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. एचआरकडून आई-वडिलांसाठीच्या अटींचं पान मागवून घ्या, कारण ग्रुप पॉलिसीत प्रत्येक कंपनी आपापल्या अटी ठरवून घेते. उदाहरणापुरती तिथली मर्यादा भरतीला ५,००० आहे असं धरू. मग संजीवनीचे १,९०० आणि ग्रुपचे ५,००० मिळून ६,९०० परत येतील आणि ४,४०० तुमच्या खिशातून जातील. ग्रुप पॉलिसीत आई-वडिलांच्या क्लेमवर वेगळा को-पे लावलेला असणं अगदी नेहमीचं आहे. तो वीस टक्के असेल तर ५,००० चे ४,००० होतील.

या हिशेबातून एक गोष्ट निघते. पुण्याच्या गाडीची ९,५०० ची एक पावती चोख असेल, तर संजीवनीची मर्यादा तिच्यावरच भरते. तिच्यातले १,९०० वजा केले तरी ७,६०० उरतात, म्हणजे ग्रुपची ५,००० ची मर्यादाही तिच्यावरच भरते. गावातल्या गाडीवाल्याच्या १,८०० च्या चिठ्ठीने तुमच्या हातात एक रुपयाही जास्त येणार नाही. ती चिठ्ठी कच्ची आहे, तिच्यावर ना गाडीचा नंबर ना पेशंटचं नाव. क्लेमला जोडली तर टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था, तिच्यावरच प्रश्न काढेल आणि चांगल्या पावतीचाही क्लेम अडकून पडेल. ग्रुपची मर्यादा ७,६०० पेक्षा जास्त निघाली तरच त्या चिठ्ठीचा विचार करा. एरवी ती घरी ठेवा आणि सगळं लक्ष मोठ्या पावतीवर द्या.

तुमच्याकडे ९,५०० ची पावतीच नाही, फक्त यूपीआयचा व्यवहार आहे, असं पत्रावरून दिसतं. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पैसे गेल्याचा पुरावा आहे. ते कशाचे गेले, कोणासाठी गेले आणि ज्याला गेले तो अ‍ॅम्ब्युलन्स सेवा देणारा आहे का, यातलं काहीच तो सांगत नाही. त्यात पैसे ड्रायव्हरच्या वैयक्तिक नावावर गेलेत. म्हणून आजच गाडीच्या मालकाला किंवा ज्या संस्थेची गाडी होती तिला फोन करा आणि छापील, अनुक्रमांक असलेली पावती मागा.

पावतीवर सेवा देणाऱ्याचं नाव, पत्ता आणि फोन छापलेला हवा. पावतीचा नंबर आणि तारीख हवी. पेशंटचं नाव पॉलिसीत आहे तसंच, पूर्ण हवं. ‘अण्णा’, ‘पेशंटचे वडील’ किंवा पैसे दिले म्हणून तुमचं नाव चालणार नाही. गाडीचा नोंदणी क्रमांक हवा, कारण वाहन खरोखर अ‍ॅम्ब्युलन्स म्हणून नोंदलेलं आहे का हे त्यावरून तपासता येतं. कोणत्या दवाखान्यातून कोणत्या हॉस्पिटलात नेलं ते दोन्ही नावांसह लिहिलेलं हवं, आणि निघण्याची वेळही. वेळेचा आग्रह यासाठी की तुमचा प्रवास रात्रीचा आहे. गाडी रात्री अकराला निघाली आणि पुण्यात एकला भरती झाली तर पावतीवर एक तारीख आणि डिस्चार्ज कार्डवर दुसरी येते. वेळ लिहिलेली असेल तर हा फरक बघणाऱ्याला लगेच कळतो, नसेल तर ‘तारीख जुळत नाही’ असा शेरा पडतो. शेवटी रक्कम अंकी आणि अक्षरी, पैसे मिळाल्याचा स्पष्ट उल्लेख, सही आणि शिक्का.

पैसे मिळाल्याचा उल्लेख वेगळा सांगतो, कारण बिल आणि पावती यांतला फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नुसतं बिल म्हणजे इतके द्यायचे आहेत. पावती म्हणजे इतके मिळाले. टीपीएला दुसरी गोष्ट हवी असते. एकाच कागदावर दोन्ही असेल तर उत्तमच. तुमच्या बाबतीत त्याच कागदावर एक ओळ जास्त लिहून घ्या: ‘रक्कम यूपीआयने आमच्या चालकाच्या खात्यावर मिळाली’, आणि पुढे व्यवहाराचा यूटीआर क्रमांक. तो क्रमांक तुमच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. बँक स्टेटमेंटचं ते पान काढून तीच नोंद अधोरेखित करून जोडा. वैयक्तिक नावावर गेलेला पैसा आणि संस्थेची पावती यांच्यातला दुवा या एका ओळीने जोडला जातो.

रक्कम ५,००० रुपयांच्या वर आहे म्हणून पावतीवर एक रुपयाचा महसुली स्टॅम्प लावून त्यावर सही घ्या. कायद्याने तो लागतोच, आणि तो नाही म्हणून कागद परत आलेला बरा नाही. उलट, पावतीवर जीएसटी नाही म्हणून घाबरू नका. अ‍ॅम्ब्युलन्समधून रुग्ण नेण्याच्या सेवेला जीएसटी माफ आहे, त्यामुळे जीएसटी नंबर नसलेली पावती त्या कारणासाठी नाकारता येत नाही. कोणी तशी हरकत घेतली तर हेच लेखी कळवा.

कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्सच्या पावतीत अनेकदा रक्कम फोडून लिहितात: गाडीभाडं, ऑक्सिजन, सोबतच्या डॉक्टर किंवा ब्रदरचे पैसे. फोड खरी असेल तर ती तशीच राहू द्या. पण तिचा परिणाम समजून घ्या. नियामकाने ज्या वस्तूंचे पैसे देणं कंपनीवर बंधनकारक नाही अशांची यादी केली आहे. तिच्यात अ‍ॅम्ब्युलन्समधली उपकरणं, अ‍ॅम्ब्युलन्स कॉलर आणि हॉस्पिटलबाहेर वापरलेला ऑक्सिजन सिलिंडर आहे. समजा तुमच्या ९,५०० मध्ये ७,२०० भाडं, ८०० ऑक्सिजन आणि १,५०० सोबतच्या माणसाचे आहेत. कंपनीने कडक भूमिका घेऊन ऑक्सिजन आणि माणूस दोन्ही कापले तरी ७,२०० उरतात. त्यातून संजीवनीचे १,९०० गेले की ५,३०० राहतात, म्हणजे आपल्या उदाहरणातली ५,००० ची मर्यादा तरीही पूर्ण भरते. अशी कपात झाली तर वाद घालण्याआधी हा हिशेब करून बघा, कारण कपातीनंतरची रक्कम मर्यादेच्या वर असेल तर वादाने हाती काही लागत नाही.

एक इशारा मनापासून देतो. काही गाडीवाले ‘रक्कम किती टाकू?’ असं विचारतात, किंवा दोन फेऱ्यांची मिळून एक पावती करून देतो म्हणतात. अशी पावती घेऊ नका. पॉलिसीतल्या फसवणुकीच्या कलमाखाली अख्ख्या क्लेमचे लाभ रद्द करता येतात, आणि तुमचा मुख्य क्लेम अँजिओप्लास्टीचा आहे. काही हजारांसाठी लाखांचा क्लेम धोक्यात घालू नये. पावतीवर नाव किंवा तारीख चुकली असेल तर स्वतः पेनाने दुरुस्त करू नका. ज्याने पावती दिली त्यानेच खोडून, नव्याने लिहून, शेजारी सही-शिक्का करायचा. पावती नंतर बनवली असेल तर तिच्यावर आजचीच तारीख असू द्या आणि मजकुरात प्रवासाची तारीख लिहून घ्या. उशिरा दिलेल्या खऱ्या पावतीचं स्पष्टीकरण देता येतं, मागची तारीख टाकलेल्या पावतीचं देता येत नाही.

आता हॉस्पिटलांकडचे कागद. तालुक्याच्या दवाखान्यातून संदर्भपत्र घ्या, ज्याला ते रेफरल नोट किंवा ट्रान्सफर समरी म्हणतात. त्यात रुग्ण कधी आला, काय निदान झालं आणि पुढे का पाठवलं हे हवं. ‘पुढील उपचारांसाठी’ एवढं मोघम नको. ‘येथे कॅथलॅब नाही, तातडीच्या अँजिओग्राफीसाठी सुसज्ज हॉस्पिटलात हलवणे आवश्यक, डॉक्टरांच्या देखरेखीखाली अ‍ॅम्ब्युलन्सने’ असं हवं. एका दवाखान्यातून दुसरीकडे नेण्याचा खर्च कंपन्या तेव्हाच मान्य करतात, जेव्हा वैद्यकीय गरज दिसते. घरच्यांच्या सोयीसाठी हॉस्पिटल बदललं असं वाटलं तर तो नाकारतात. मूळ पत्र पुण्याच्या हॉस्पिटलच्या फाइलमध्ये गेलं असेल, बहुतेकदा तसंच होतं. तिथल्या मेडिकल रेकॉर्ड विभागाकडून त्याची शिक्का मारलेली प्रत मागा.

त्याच वेळी आपत्कालीन विभागातला पहिला कागदही मागा. रुग्ण आला त्या वेळी तिथे ‘अ‍ॅम्ब्युलन्सने आणले’ अशी नोंद करण्याची पद्धत असते. डिस्चार्ज कार्डवर हा उल्लेख नसेल, आणि बऱ्याचदा नसतोच, तर त्याची उणीव हा कागद भरून काढतो.

क्लेम फॉर्ममध्ये तुम्ही भाग ‘अ’ भरायचा. त्यात खर्चाच्या तपशिलात भरतीपूर्व, भरतीतला आणि भरतीनंतरचा खर्च यांच्या जोडीला अ‍ॅम्ब्युलन्ससाठी स्वतंत्र रकाना असतो. ९,५०० ही पूर्ण रक्कम तिथेच लिहा, २,००० लिहू नका. कपात कंपनीला करू द्या, कारण नाकारलेली रक्कम त्यांच्या पत्रात दिसली तरच ती ग्रुप पॉलिसीत मागता येते. ही रक्कम भरतीपूर्व खर्चात टाकण्याचा मोहही टाळा. तो रकाना तपासण्या, औषधं, डॉक्टरांची फी अशा वैद्यकीय खर्चाचा आहे. अ‍ॅम्ब्युलन्स तिथे घातली की ती एक तर कापली जाते किंवा खुलासा मागितला जातो. बिलांच्या यादीत पावतीचा नंबर, तारीख, कोणी दिली आणि रक्कम हे पावतीशी अक्षरशः जुळवून लिहा. वर ठळकपणे कॅशलेस क्लेमचा क्रमांक घाला. तो नसेल तर टीपीए हा नवा क्लेम समजून सगळी हॉस्पिटलची फाइल पुन्हा मागतो.

सोबत डिस्चार्ज कार्डची प्रत, संदर्भपत्र, मूळ पावती, बँक स्टेटमेंटचं पान, वडिलांचं ओळखपत्र आणि त्यांच्या खात्याचा कॅन्सल केलेला चेक जोडा. मूळ पावती हातातून जाण्याआधी तिच्या स्वच्छ रंगीत प्रती काढून ठेवा आणि कागद दिल्याची पोच तारखेसह घ्या.

संजीवनीचे पैसे जमा झाले की सेटलमेंट लेटर मागून घ्या. त्यात किती मागितले, किती दिले, किती कोणत्या कलमाखाली कापले हे असतं. मूळ पावती त्यांच्याकडे राहते, म्हणून तिची त्यांच्या शिक्क्याची साक्षांकित प्रतही मागा. हे दोन कागद आणि वरचेच बाकीचे, एवढ्यावर ग्रुप पॉलिसीत उरलेल्या ७,६०० चा क्लेम टाकायचा. फक्त ग्रुपच्या मुदतीकडे लक्ष ठेवा. तिथली मुदत पहिल्या कंपनीचं पत्र येण्याआधी संपत असेल तर आत्ताच एचआरमार्फत ग्रुपच्या टीपीएला क्लेमची सूचना द्या आणि ‘पहिल्या विमा कंपनीचं सेटलमेंट लेटर आल्यावर कागद देऊ’ असं ईमेलवर लिहून ठेवा.

क्लेम पूर्ण नाकारला किंवा २,००० पेक्षा कमी मंजूर झाला, तर कोणत्या कलमाखाली हे लेखी विचारा. नकार किंवा कपात करताना पॉलिसीतल्या नेमक्या अटीचा दाखला देणं कंपनीला बंधनकारक आहे. ‘कागद अपुरे’ असं मोघम उत्तर आलं तर कोणता कागद, ते विचारा. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही ती नोंदवता येते किंवा १५५२५५ या नंबरवर सांगता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून एक वर्षाची मुदत असते आणि त्याला फी नाही. संजीवनीच्या १,९०० साठी इथवर यायची वेळ सहसा येत नाही, ग्रुपच्या रकमेसाठी येऊ शकते.

डिस्चार्जनंतर वडिलांना घरी आणलेल्या गाडीचा खर्च तुम्ही लिहिलेला नाही, पण असेल तर तो यात घालू नका. घरी परतण्याचा प्रवास बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत, मग गाडी अ‍ॅम्ब्युलन्स का असेना. आणि पुढच्या वेळेसाठी: १०८ ची सरकारी अ‍ॅम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे. ती वेळेत मिळत असेल तर पावतीचा आणि मर्यादेचा प्रश्नच उरत नाही. मिळत नसेल आणि खाजगी गाडी करावी लागली, तर निघण्याआधी दार लावताना गाडीच्या नंबर प्लेटचा एक फोटो काढा आणि पैसे शक्यतो संस्थेच्या क्यूआर कोडवरच द्या.